बोलण्यातली ऑर्डर, शीटमधली ओळ

"ताई, मले चकली दीड किलो पायजे अन् अनारसे पाव. परवा येतो घ्यायले. पैसे भाऊ टाकते."

व्हॉट्सॲपवर आलेली अशी ऑर्डर वाचायला दहा सेकंद लागतात आणि वाचून झाल्यावर ती आपल्याला समजली असं वाटतं. पण स्वयंपाकघरात उभं राहून तिच्याकडे बघा. परवा म्हणजे कोणती तारीख? संदेश रात्री पावणेबाराला आला असेल तर परवा कुठून मोजायचा? अनारसे पाव किलो की पाव शेकडा? पैसे टाकणारा भाऊ कोण आणि त्याचे पैसे आले तर ते याच ऑर्डरचे हे कळणार कसं? एवढ्यावर थांबत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचा संदेश येतो, "त्यात शेव अर्धा किलो टाकजा." संध्याकाळी आणखी एक येतो, "चकली एकच किलो ठेवा." या तिन्ही संदेशांच्या मध्ये दोन फोटो, एक शुभ सकाळ आणि दर विचारणारे चार प्रश्न असतात. खरी ऑर्डर या सगळ्यात विखुरलेली असते.

आमच्या मोठ्या जाऊबाई मूलला घरून फराळ आणि थंडीत सांभारवडी करून विकतात. मी चंद्रपूरला राहते आणि ऑर्डरींची बाजू सांभाळते. आधी आम्ही संदेशांना तारा लावून ठेवायचो आणि आदल्या रात्री सगळ्या गप्पा वर-खाली करून कागदावर यादी काढायचो. एका दिवाळीत दीड किलोच्या जागी एक किलो चकली गेली. घेणाऱ्या बाईंकडे पाहुणे यायचे होते. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुन्हा त्यांची ऑर्डरही आली नाही. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे: चॅटमध्ये जे असतं ते बोलणं, शीटमध्ये जी ओळ असते ती ऑर्डर. ओळ नसेल तर ऑर्डर नाही.

ही ओळ तयार करायला गूगल फॉर्म आणि गूगल शीट एवढंच पुरतं. दोन्ही फुकट आहेत आणि फोनवर चालतात.

सगळ्यात आधी एक निर्णय घ्यायचा, तो म्हणजे फॉर्म भरणार कोण. बहुतेक जण फॉर्मची लिंक ग्राहकाला पाठवतात. पुण्यात किंवा नागपुरात ते जमत असेल. आमच्याकडे सुरुवातीलाच मी तसं करून पाहिलं आणि महिन्याभरात सोडलं. धानोरा किंवा एटापल्लीकडच्या ग्राहकाला संदेश पाठवण्यापुरती रेंज कशीबशी मिळते, पण फॉर्मचं पान उघडत नाही. जिथे उघडतं तिथेही लोक फॉर्म बघून "ताई, तुम्हीच लिहून घ्या ना" म्हणतात. काही जण अर्धा भरतात आणि ऑर्डर दिली असं समजतात. Submit दाबलं नाही तर तुमच्याकडे काहीच येत नाही आणि दोघांनाही ते कळत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की फॉर्म आपणच भरावा. ग्राहकानं नेहमीसारखं बोलावं, आपण ते बोलणं फॉर्ममध्ये उतरवावं.

मग थेट शीटमध्येच का लिहू नये? कारण फोनवर शीटचे चौकोन बारीक असतात. बोट सरकलं की दुसऱ्याच्या ऑर्डरवर आपला आकडा चढतो आणि ते लक्षातही येत नाही. फॉर्म मात्र नेहमी शेवटी नवीन ओळ जोडतो, जुन्या ओळीला हात लावत नाही. शिवाय फॉर्म आपल्याला विचारतो. तारीख लिहिल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नाही आणि मग ग्राहकाला तारीख विचारावीच लागते.

फॉर्म बनवण्यासाठी फोनच्या ब्राउझरमध्ये forms.google.com उघडा आणि कोरा फॉर्म घ्या. आमच्या फॉर्ममधले प्रश्न या क्रमानं आहेत: नाव, फोन, कधी हवं, चकली (किलो), शेव (किलो), अनारसे (किलो), सांभारवडी (नग), कसं न्यायचं, एकूण रुपये, आगाऊ रुपये, टीप. नाव, फोन आणि 'कधी हवं' यांना Required लावा. 'कधी हवं' हा प्रश्न Date प्रकारचाच ठेवा, म्हणजे तारीख कॅलेंडरमधून निवडावी लागेल आणि "गुरुवारी" किंवा "परवा" असं काही लिहिताच येणार नाही. 'कसं न्यायचं' याला Dropdown द्या आणि त्यात घरी येऊन, घरपोच, गाडीनं असे तीनच पर्याय ठेवा.

प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र प्रश्न आहे, हे मुद्दाम केलेलं आहे. "काय हवं?" असा एकच मोकळा प्रश्न ठेवला तर तिथे "चकली १.५ अनारसे पाव" असं लिहिलं जातं. ते माणसाला वाचता येतं, पण शीटला त्याची बेरीज करता येत नाही. पदार्थ वेगळे केले की एका ओळीत एक ऑर्डर बसते आणि प्रत्येक पदार्थाचा स्वतःचा रकाना तयार होतो. जो पदार्थ नको तो रिकामा सोडायचा. ही पद्धत दहा-बारा पदार्थांपर्यंत सोयीची आहे. त्यापुढे फॉर्म लांबतो आणि भरायचा कंटाळा येतो. तेव्हा त्या हंगामात जे करत नाही ते पदार्थ फॉर्ममधून काढा. शीटमधला त्यांचा जुना रकाना तसाच राहतो, आधीची नोंद जात नाही.

एककं प्रश्नाच्या नावातच लिहिली आहेत, म्हणजे उत्तरात फक्त आकडा येतो. तो आकडाच यावा म्हणून प्रश्नाच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जाऊन Response validation निवडा, Number घ्या आणि Greater than 0 ठेवा. सांभारवडी नगावर जाते, तिथे Whole number घ्या. पाव किलो म्हणजे 0.25, अर्धा म्हणजे 0.5, दीड म्हणजे 1.5, अडीच म्हणजे 2.5. हे चार आकडे कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा. पाऊण, सव्वा, अडीच हे आपल्या तोंडात इतकं बसलेलं असतं की घाईत 2.5 च्या जागी 2.25 सहज जातं. अंकही कीबोर्डवरचे 1, 2, 3 असेच लिहा. देवनागरीत लिहिलेला आकडा शीट अक्षर समजून बेरजेतून वगळू शकते.

आता Responses या भागात जाऊन Link to Sheets दाबा. नवीन शीट तयार होईल. तिच्यातला पहिला रकाना वेळेचा, मग आपल्या प्रश्नांचे रकाने. आमच्या क्रमानं तारीख D मध्ये येते, पदार्थ E पासून H पर्यंत आणि टीप L मध्ये. त्याच्या पुढच्या M रकान्यात मी हातानं 'स्थिती' असं शीर्षक लिहिलं. तिथे दोनच शब्द लिहायचे, 'दिलं' किंवा 'रद्द'. फॉर्मची लिंक ब्राउझरच्या यादीतून Add to Home screen करून ठेवा, म्हणजे चॅट आणि फॉर्म यांच्यात एका बोटानं ये-जा होते.

पहिल्या संदेशाकडे परत येऊ. तो आल्यावर मी लगेच फॉर्म उघडते, पण भरत नाही. आधी फॉर्म रिकामा कुठे राहतोय ते बघते आणि तेवढंच विचारते: "परवा म्हणजे गुरुवार १६ तारीख ना? अनारसे पाव किलो? स्वतः येणार की गाडीनं पाठवू?" उत्तरं आली की ओळ भरते आणि लगेच नोंदीचा संदेश पाठवते. व्हॉट्सॲप बिझनेस या फुकटच्या ॲपमध्ये Quick replies नावाची सोय आहे. तिथे साचा एकदा लिहून ठेवला की / दाबून तो काढता येतो आणि फक्त आकडे भरायचे राहतात. आमचा साचा असा आहे:

"नोंद क्र. __. चकली __ किलो, शेव __ किलो, अनारसे __ किलो, सांभारवडी __ नग. तारीख __, वार __. एकूण __ रुपये, आगाऊ __, बाकी __. बरोबर असल्यास 'हो' लिहा."

नोंद क्रमांक म्हणजे शीटमधल्या ओळीचा क्रमांक. ग्राहक नंतर "माझ्या २३ नंबरच्या नोंदीत बदल करा" म्हणाला की शोधायचं कामच उरत नाही. पण म्हणूनच फॉर्मची उत्तरं येतात ते पान कधीही नावानं किंवा तारखेनं लावून घेऊ नका आणि त्यातली ओळ पुसू नका. क्रमांक हलले की सगळी नोंद खोटी ठरते. ऑर्डर रद्द झाली तर M मध्ये 'रद्द' लिहायचं, बस.

तारखेसोबत वार लिहायचा आग्रह मी धरते. माणूस तारीख चुकतो, वार सहसा चुकत नाही. दोन्ही जुळले नाहीत की तोच फोन करतो. आमच्या भागात याला आणखी एक कारण आहे. ग्राहक रेंजबाहेर असताना मंगळवारी "उद्या" लिहितो, पण फोनला रेंज मिळून तो संदेश आपल्यापर्यंत बुधवारी पोचतो. आपल्याला तो बुधवारचा वाटतो आणि 'उद्या' गुरुवारवर जाऊन बसतो. नोंदीच्या संदेशात वार लिहिला की ही चूक तिथेच पकडली जाते. नोंदीच्या संदेशापुढे एकच बरोबरची खूण दिसत असेल तर तो पोचलेला नाही. संध्याकाळपर्यंत दुसरी खूण आली नाही की मी साधा फोन लावते. 'हो' आल्याशिवाय माल धरायचा नाही, विशेषतः अनारशांचा.

बदलाचे संदेश सगळ्यात जास्त घोळ करतात. "त्यात शेव टाकजा" आलं की नवीन फॉर्म भरू नका. तसं केलं तर एका माणसाच्या दोन ओळी होतात, दोन पुडे बांधले जातात आणि एक घरीच राहतो. शीटमधली त्याची ओळ उघडून आकडा बदला आणि टिपेत लिहा: "15 ला चकली 1.5 ची 1 केली, शेव 0.5 वाढवली". मग बदललेल्या आकड्यांसह नोंदीचा संदेश पुन्हा पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो. त्यामुळे तुम्ही एक किलो वाचून ओळ भरलेली असते आणि नंतर त्याच जागी दोन किलो दिसतं. संदेशाखाली Edited असं बारीक अक्षरात येतं, पण घाईत ते दिसत नाही. काही ग्राहकांच्या चॅटमध्ये संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय सुरू असते, तिथे तर आठवडाभरानं मूळ बोलणंच उरत नाही. दोन्ही वेळा आधार एकच असतो, तुमची ओळ आणि तिच्यावर आलेला 'हो'.

कॉलनीच्या गटांत ऑर्डर घेणाऱ्या बायांना आणखी एका गोष्टीची खबर हवी. गटात कुणीतरी "१. चकली १ किलो" अशी यादी सुरू करतं आणि प्रत्येकीनं ती उचलून खाली आपलं नाव जोडून परत टाकायची पद्धत असते. दोघींनी एकाच वेळी उचलली तर दोन याद्या तयार होतात, पुढची बाई त्यातली एकच पुढे नेते आणि दुसरीतलं एक नाव गळतं. ऊर्जानगरच्या किंवा बल्लारपूरच्या वसाहतीतल्या गटात पंचवीस नावांच्या यादीत हे कुणाच्याही लक्षात येत नाही. गटातली यादी फक्त निरोप समजा. प्रत्येकीला स्वतंत्र नोंदीचा संदेश पाठवा. जिला तो मिळाला नाही ती स्वतःहून विचारेल, असं गटातच आधी सांगून ठेवा.

आता बेरीज. शीटमध्ये खाली + दाबून नवीन पान घ्या, त्याला 'आजचं' नाव द्या. B1 मध्ये ज्या दिवसाची तयारी करायची ती तारीख लिहा आणि B3 मध्ये हे सूत्र घाला:

```
=SUMIFS('Form Responses 1'!E:E,'Form Responses 1'!$D:$D,$B$1,'Form Responses 1'!$M:$M,"<>रद्द")
```

याचा अर्थ एवढाच: E रकान्यातली चकली मोज, पण तारीख B1 मधली असेल आणि स्थिती 'रद्द' नसेल तरच. हेच सूत्र उजवीकडे C3, D3, E3 मध्ये उतरवलं की शेव, अनारसे आणि सांभारवडी येतात. 'Form Responses 1' हे उत्तरांच्या पानाचं नाव आहे. तुमच्या शीटच्या खाली वेगळं नाव दिसत असेल तर सूत्रातही तेच लिहा. A6 मध्ये त्या दिवसाची नावनिशीवार यादी मागवा:

```
=FILTER('Form Responses 1'!B:M,'Form Responses 1'!D:D=B1,'Form Responses 1'!M:M<>"रद्द")
```

इथे #N/A दिसलं तर घाबरू नका, त्या तारखेला एकही ऑर्डर नाही एवढंच ते सांगतं. ऑर्डर आहे हे माहीत असूनही #N/A आलं तर B1 मधली तारीख तपासा. शीटचा देश अमेरिका ठरलेला असेल तर 5/11 हे ती ११ मे समजते. संगणकावर File, Settings, Locale इथे India निवडलं की हे सुटतं.

समजा १६ तारखेच्या चार ऑर्डरी आहेत आणि त्यांत चकली 1.5, 1, 0.5 आणि 2 किलो आहे. बेरीज 5 यायला हवी. ती 3.5 आली तर कुठेतरी 1.5 ऐवजी "1.5 किलो" किंवा "दीड" असं लिहिलं गेलं आहे. फॉर्म असं लिहू देत नाही, पण शीटमध्ये हातानं बदल करताना ते होतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे खरा आकडा चौकोनात उजवीकडे चिकटतो आणि अक्षर डावीकडे. रोज डोळ्यांनी तपासायला नको म्हणून 'आजचं' पानावर मी हे एक सूत्र ठेवलं आहे. चार पदार्थांचे चार मथळे वजा करून ते सांगतं की किती चौकोनांत आकड्याच्या जागी अक्षर शिरलं आहे:

```
=COUNTA('Form Responses 1'!E:H)-4-COUNT('Form Responses 1'!E:H)
```

उत्तर 0 असायला हवं. 1 दिसलं की काम थांबवून तो चौकोन शोधायचा. दोन किलोची ऑर्डर रद्द झाली आणि M मध्ये शब्द लिहिला तर बेरीज आपोआप 5 वरून 3 वर येते. पण तिथे 'रद्द' हाच शब्द हवा. 'रद्द झालं' लिहिलं तर सूत्र तिला चालू ऑर्डर धरतं.

या बेरजेचा खरा उपयोग अनारशांच्या वेळी कळतो. चकलीची भाजणी तयार असेल तर आज सांगितलेली चकली उद्या देता येते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं, मग सुकवून दळायचे, गूळ मिसळून पीठ मुरू द्यायचं. म्हणजे जाऊबाईंना अनारशांचा आकडा आठ-दहा दिवस आधी हवा असतो, तोही एका दिवसाचा नाही, पुढच्या सगळ्या दिवसांचा मिळून:

```
=SUMIFS('Form Responses 1'!G:G,'Form Responses 1'!D:D,">="&TODAY(),'Form Responses 1'!M:M,"<>रद्द")
```

तांदूळ भिजवायच्या सकाळी त्या हा आकडा बघतात आणि त्यावर थोडं जास्तीचं धरून तांदूळ मोजतात. त्यानंतर आलेल्या अनारशांच्या ऑर्डरीला आम्ही 'हो' म्हणत नाही. नोंदीचा संदेश न पाठवता सरळ सांगतो की पीठ जेवढं मुरतंय तेवढंच आहे, उरलं तर कळवू. आधी भिडेपोटी हो म्हणायचो आणि कच्च्या पिठाचे अनारसे तुपात फुटायचे.

पैशांबद्दल दोनच गोष्टी सांगते. एकूण रक्कम सूत्रानं काढू नका, ठरलेली रक्कम फॉर्ममध्ये लिहा. दिवाळीच्या तोंडावर तेल महागलं की दर बदलावा लागतो आणि सूत्रात दर बदलला की आधी ठरलेल्या जुन्या ऑर्डरींची रक्कमही बदलते. आणि आगाऊ रक्कम फोटो बघून नोंदवू नका. पैसे टाकल्याचा पडद्यावरचा फोटो खोटाही बनवता येतो. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली की मगच K रकान्यात आकडा जातो आणि पैसे दुसऱ्याच्या नावानं आले असतील तर ते नाव टिपेत लिहायचं. 'भाऊ' कोण हा प्रश्न तिथे मिटतो.

शीटमध्ये लोकांची नावं आणि फोन नंबर असतात. घरात कोण नाही, कुणाकडे पाहुणे येणार आहेत, हेही टिपेत येतं. ती Anyone with the link अशी उघडी ठेवू नका. जिच्याशी काम वाटून घेतलं आहे तिचाच ईमेल Share मध्ये घाला. माझ्या शीटला मी आणि जाऊबाई, दोघींनाच वाट आहे.

स्वयंपाकघरात फोन नसतो. पीठ माखलेल्या हातानं फोनला हात लावला की काहीतरी दाबलं जातं. म्हणून आदल्या रात्री 'आजचं' पानावरची यादी जाऊबाई पाटीवर मोठ्या अक्षरांत उतरवून घेतात आणि पुडा बांधला की त्यावर रेघ मारतात. दुपारी मोकळं झालं की M मध्ये 'दिलं' लिहितात.

रेंज नसेल किंवा लाइट जाऊन टॉवर बंद पडला असेल तर फॉर्म उघडत नाही. शीट मात्र फोनच्या ॲपमध्ये Make available offline करून ठेवता येते, म्हणजे निदान वाचता येते. अशा वेळी थेट शीटमध्ये नवीन ओळ लिहायचा मोह टाळा. रेंज आल्यावर ती आणि दुसऱ्या फोनवरून भरलेली ओळ एकाच जागी येऊ शकते. त्यासाठी फॉर्मच्याच क्रमानं रकाने आखलेली एक वही ठेवली आहे. वहीत लिहिलेली ऑर्डर रेंज आल्यावर फॉर्ममध्ये भरायची, शीटमधला ओळीचा क्रमांक वहीतल्या ओळीपुढे लिहायचा आणि मगच ग्राहकाला नोंदीचा संदेश पाठवायचा. वहीत क्रमांक नसलेली ओळ दिसली की ती अजून शीटमध्ये गेलेली नाही, हे दोघींपैकी कुणालाही बघताच कळतं.